पाच फायली एका टेबलावर ठेवून बघा : ग्रामपंचायत सदस्यांस खुले पत्र

प्रति,
सर्व ग्रामपंचायत सदस्य,
सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्हे

विषय : कामांचे पाडलेले तुकडे, जुळवून आणलेली दरपत्रके आणि फायलीत नसलेले कागद

सदस्य मंडळींनो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एक सदस्य ताई घरी आल्या. हातात लेखापरीक्षण अहवालाची झेरॉक्स होती आणि एका परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. ‘काका, ह्यात माझं नाव का आलंय? मी फक्त हात वर केला होता.’ मी ठराव वाचला. अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव होतं. त्या दिवशीच्या सभेत एकामागून एक चार कामांचे ठराव झाले होते आणि चारही सर्वानुमते मंजूर. ताईंना त्यातलं एकही काम धड आठवत नव्हतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. मासिक सभेत विषय क्रमांक ९ येईपर्यंत चहा थंड झालेला असतो आणि सगळ्यांचं लक्ष शेवटच्या एसटीकडे असतं.

माझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली. १९३० च्या कायद्याखाली आम्ही तुमच्या दप्तराला हात लावायचो. एका गावात चार-पाच दिवस मुक्काम, अर्धसमास पत्रं म्हणजे लेखी शंका काढायच्या, त्यांची उत्तरं घ्यायची, न पटलेली उत्तरं अहवालात परिच्छेद म्हणून लिहायची, की पुढचं गाव. त्या अनुभवातून एकच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. गैरप्रकार एका फायलीत दिसत नाही. प्रत्येक फाइल सुटी पाहिली तर ती नीटनेटकीच असते, कारण ती तशी दिसावी म्हणूनच तयार केलेली असते. चार-पाच फायली शेजारी शेजारी उघडल्या की मगच त्या बोलू लागतात. आमचं पथक येतं वर्ष-दोन वर्षांनी, रस्ता करून झाल्यावर आणि बिल फेडून झाल्यावर. तुमच्यासमोर मात्र त्याच फायली पैसे जाण्याआधी असतात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गाव किनाऱ्यावरचं. नाव सांगणार नाही, त्या वेळचे सरपंचही आता पदावर नाहीत. वर्ष २०१७-१८. त्या वर्षी तीन लाखांच्या वरच्या कामाला ई-निविदा सक्तीची होती आणि तीन लाखांच्या आतलं काम दरपत्रकं मागवून देता येत होतं. (पुढे ही मर्यादा वाढली. पण मर्यादा कितीही असो, तिच्या उंबऱ्याखाली वाकून जाणाऱ्याची चाल बदलत नाही.) मजूर संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्या वाट्याला वाटपाने जाणाऱ्या कामांचा मार्ग निराळा आहे. त्यात आज शिरत नाही.

दप्तरात रस्त्याची पाच कामं होती. देऊळवाडी रस्ता, अंदाजपत्रक २,९८,४०० रुपये. मधलीवाडी रस्ता, २,९६,७५०. शाळा ते चव्हाटा रस्ता, २,९९,१००. मळेवाडी रस्ता, २,९४,३००. बंदर रस्ता, २,९७,९००. नावं वेगळी, फायली वेगळ्या, ठरावही वेगळे. लेखापरीक्षकाला पहिली शंका येते ती आकड्यांवरून. पाचही आकडे तीन लाखांच्या आत आहेत, आणि सगळ्यात लहान आकडासुद्धा मर्यादेपासून फक्त ५,७०० रुपये लांब आहे. खऱ्या गरजेतून निघालेली पाच कामं अशी एका ओळीत उभी राहत नाहीत. एखादं दीड लाखाचं असतं, एखादं पावणेतीनचं, एखादं सव्वाचार लाखांचं. सगळ्यांची डोकी एकाच उंचीला लागली, तर वर छत आहे हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

तरीही नुसत्या आकड्यांवर आक्षेप उभा राहत नाही. सरपंचांचं उत्तर तयार होतं. ‘सायबानू, वाड्यो पाच, म्हणान कामां पाच.’ आणि हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कोकणातलं गाव म्हणजे घाटावरच्यासारखं एका जागी गोळा झालेलं गावठाण नव्हे. एक वाडी व्हाळाच्या अल्याड, दुसरी डोंगराच्या पल्याड. एका वाडीला साकव हवा, दुसरीला पाखाडी, तिसरीत विहिरीचा कठडा पडलेला. ही तीन कामं तीन फायलींत गेली तर त्यात वावगं काहीच नाही. एवढंच काय, सगळ्यांना बांधून एकच निविदा काढली तर गावातला छोटा ठेकेदार बाहेर फेकला जाईल. कामं वेगळी असणं गुन्हा नाही. एकच काम वेगवेगळं दाखवणं हा गुन्हा आहे.

मग ते एकच काम होतं हे ठरवायचं कसं? मी मोजमाप पुस्तिका मागवली. एम. बी. ही कोणत्याही कामाची सर्वांत प्रामाणिक वही, कारण ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात फाइल नसते, फीत असते. पहिल्या कामाच्या नोंदीत सा. क्र. ०/००० ते ०/२५० लिहिलं होतं. दुसऱ्याच्या नोंदीत ०/२५० ते ०/५००. पुढचं ०/५०० ते ०/७५०, आणि असं करत पाचवं काम १/२५० ला, जेटीच्या तोंडाशी संपत होतं. सा. क्र. म्हणजे साखळी क्रमांक, रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर. जिथे एक काम संपतं तिथेच दुसरं सुरू होतं. रुंदी सगळीकडे तीन मीटर. हमरस्त्यापासून जेटीपर्यंतचा साडेबाराशे मीटरचा हा एकच रस्ता, अडीचशे-अडीचशे मीटरचे पाच तुकडे करून कागदावर पाच वाड्यांना वाटलेला. लांबी-रुंदी सारखी असताना अंदाजपत्रकांत थोडा-थोडा फरक कसा, तर एखाद्या मोरीचा पाइप इकडे, बाजूपट्टीचा थोडा मुरूम तिकडे. पाचही अंदाजपत्रकांची तारीख एक, तांत्रिक मंजुरीचे क्रमांक ओळीने. आणि पाचांची बेरीज १४,८६,४५० रुपये. ही रक्कम एका कागदावर आली असती तर ई-निविदा काढावी लागली असती आणि मंजुरीसाठी फाइल अधिक वरच्या अभियंत्याकडे गेली असती. तुकडे पाडल्यामुळे या दोन्ही पायऱ्या चुकल्या.

शेवटची गाठ डांबराने सोडवली. डांबरीकरणाच्या बिलासोबत डांबर खरेदीचं चलन जोडावं लागतं. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या फाइलीत एकाच चलनाची झेरॉक्स होती. क्रमांक तोच, तारीख तीच, टँकरचा नंबरही तोच. म्हणजे रस्ता एका दमात, एकाच मालाने झाला होता. पाच कामं फक्त कपाटात होती.

केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ च्या नियम १५७ मध्ये, हीच गोष्ट खरेदीबद्दल स्पष्ट लिहिली आहे. वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे लहान लहान तुकडे करू नयेत. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, पण त्यातली कसोटी इथेही कामाला येते. ती ‘तुकडे किती’ असं विचारत नाही, ‘तुकडे कशासाठी’ असं विचारते. आणि ‘कशासाठी’चं उत्तर फाइलीत त्याच वेळी लिहिलेलं असावं लागतं. आम्ही गेल्यावर तोंडी दिलेलं उत्तर म्हणजे पंचनामा झाल्यावर आठवलेला साक्षीदार.

इथे एक कबुली देतो. माझ्या पाहण्यातले निम्मे तुकडे चोरीसाठी पाडलेले नव्हते, घाईसाठी पाडलेले होते. निधी येतो जानेवारीत, मार्चअखेर खर्च करायचा असतो आणि जूनमध्ये पाऊस लागला की रस्त्याचं काम ऑक्टोबरपर्यंत बंद. निविदेला जाहिरात, मुदत, लिफाफे उघडणं, कधी फेरनिविदा. ग्रामसेवकाच्या पोटात गोळा येतो हे मी पाहिलंय. पण घाईसाठी उघडलेल्या दारातून घाई नसलेली माणसंही आत येतात. या गावात ती आली होती.

आता दरपत्रकांकडे येऊ. प्रत्येक कामाला तीन, म्हणजे पाच कामांना पंधरा दरपत्रकं. पंधराही तीनच ठेकेदारांची. त्यांना आपण पहिला, दुसरा, तिसरा म्हणू. पहिल्याला एक, तीन आणि पाच क्रमांकाची कामं मिळाली, दुसऱ्याला दोन आणि चार. तिसऱ्याला एकही नाही, पण तो प्रत्येक वेळी न चुकता दर भरायला हजर. लग्नात करवली असते तसा.

पाळीपाळीने जिंकणं हे एक लक्षण. पण इथेही थांबा. किनाऱ्यावरच्या तालुक्यात रोलर आणि डांबराचा सरंजाम असलेले ठेकेदार असतातच किती? तीन-चार. घाटावरचा माणूस तीन लाखांच्या कामासाठी यंत्रं उतरवून आणत नाही. तेव्हा तीच तीन नावं पुन्हा पुन्हा दिसणं हे संगनमत असेलच असं नाही. तीनही दरपत्रकं एकाच टाइपात आहेत, तीनहीत ‘मुरूम’चं ‘मरुम’ झालंय, हेही पुरेसं नाही. तालुक्याच्या ठिकाणी टायपिंग करून देणारं दुकान एकच असतं आणि तिथला मुलगा सगळ्यांसाठी तोच ‘मरुम’ मारतो. नवीन लेखापरीक्षक या टाइपाच्या साम्यावर उड्या मारतात, आणि ठेकेदाराचा वकील दुकानदाराचा दाखला आणून आक्षेप उडवून लावतो.

टायपिंग करणारा जे करू शकत नाही ते शोधायला हवं, आणि ते म्हणजे दर. पहिल्या ठेकेदाराने खडीला घनमीटरला १,२४० रुपये लावले होते, खोदाईला १८५, मुरुमाला ४१०. दुसऱ्याचे दर होते १,२७७.२०, १९०.५५ आणि ४२२.३०. तिसऱ्याचे १,३०२, १९४.२५ आणि ४३०.५०. घरातला कॅल्क्युलेटर घ्या आणि भागून बघा. दुसऱ्याची प्रत्येक बाब पहिल्याच्या १.०३ पट आहे, तिसऱ्याची १.०५ पट, पैशापर्यंत. अकराच्या अकरा बाबी अशाच. आता विचार करा, एकाची स्वतःची खडीची खाण आहे, दुसरा खडी विकत घेतो, तिसऱ्याचा स्वतःचा डंपर आहे. प्रत्येकाने आपापला खर्च मांडला असता तर एका बाबीत हा स्वस्त निघाला असता, दुसऱ्या बाबीत तो. सगळ्या बाबी एकाच पटीत महाग असतील तर हिशेब एकदाच झाला आहे आणि उरलेले दोन कागद गुणाकाराने तयार केले आहेत. (एकूण रकमेवर सरसकट ‘इतके टक्के कमी, इतके टक्के जास्त’ असा देकार जिथे मागवलेला असतो, तिथे ही कसोटी लागू होत नाही. तिथे सगळ्या बाबी सारख्याच पटीत असणार. बाबनिहाय दर मागवले असतील तरच ही ताडून बघायची.)

तिसऱ्या कामाच्या फाइलीत तर याहून गंमत होती. खडी ४६.५ घनमीटर, दर १,२४०. गुणाकार येतो ५७,६६० रुपये. पहिल्या ठेकेदाराने लिहिले होते ५७,५६०. शंभर रुपयांची साधी चूक, कोणाच्याही हातून होईल. पण दुसऱ्याच्या कागदावर त्याच ओळीत रक्कम होती ५९,२८६.८० आणि बरोबर रक्कम होते ५९,३८९.८०. म्हणजे १०३ रुपयांची चूक. तिसऱ्याने ६०,५४३ ऐवजी ६०,४३८ लिहिले होते, १०५ रुपयांची चूक. चूकसुद्धा १.०३ आणि १.०५ पट झाली होती! दोन माणसांची एकाच ओळीत चूक होऊ शकते. पण एकाची चूक दुसऱ्याकडे तीन टक्के वाढून जाते, तेव्हा त्याने खडीचा भाव काढलेलाच नसतो, पहिल्याच्या कागदावरची रक्कम उचलून वाढवलेली असते. इथे टायपिंगचं दुकान कामी येत नाही.

अशा नावाला भरलेल्या दराला स्पर्धा आयोगाच्या भाषेत पूरक देकार म्हणता येईल. हरण्यासाठीच भरलेला, पण स्पर्धा झाली असं दिसावं म्हणून भरलेला. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये निविदेतलं संगनमत बेकायदा ठरवलेलं आहे. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रियेच्या निविदांत असेच पूरक देकार भरले गेले होते, आणि आयोगाने २०१८ मध्ये त्या कंपन्यांना दंड केला. तो व्याप मोठा होता, शहराचा होता. आपल्या तीन लाखांच्या रस्त्यासाठी कोणी दिल्लीला जाणार नाही हे मलाही कळतं. पण करामत तीच आहे.

आणि इथे लेखापरीक्षकाच्या अधिकाराची हद्दही सांगितली पाहिजे. गुणाकार जुळला म्हणून मी ‘संगनमत सिद्ध’ असं लिहू शकत नाही. फोन कोणी कोणाला केला, पैसे कोणी कोणाला दिले, हे शोधायचे अधिकार आमच्याकडे नाहीत. आम्ही लिहितो की दरांत असं असं साम्य आहे, हे दर स्वतंत्रपणे दिलेले वाटत नाहीत, खुलासा व्हावा. किती नुकसान झालं हेही अंदाजानेच सांगता येतं. त्याच वर्षी त्याच तालुक्यात तशाच रस्त्याची एक ई-निविदा १७ टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने, गेली होती. या पाच तुकड्यांची कामं सरासरी एक टक्का बिलोने दिली गेली. १४,८६,४५० वर सोळा टक्क्यांचा फरक म्हणजे सुमारे २ लाख ३८ हजार रुपये. मी हा आकडा अहवालात ‘तुलनात्मक’ म्हणून लिहिला, ‘वसूलपात्र’ म्हणून नाही. कारण बिलो गेलेलं प्रत्येक काम चांगलंच होतं असं नाही. पंचवीस-तीस टक्के बिलो गेलेले रस्ते दुसऱ्या पावसात व्हाळ होतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

तुम्ही म्हणाल, आता सगळं ई-निविदेवर आहे, महाटेंडरवर कोणीही भरू शकतो, मग ही भीती कशाला? पोर्टलवर नुसती जागा बदलते. पहिल्या मागणीला साधारण तीन पात्र देकार लागतात, म्हणून तिसरा गडी तिथेही लागतोच. आणि बाहेरचा येऊ नये याची तजवीज अटींत करता येते. ‘डांबर प्लांट कामापासून इतक्या किलोमीटरच्या आत असावा’, किंवा ‘जागा पाहिल्याचा दाखला उपअभियंत्याकडून घेऊन जोडावा’. पहिल्या अटीला तांत्रिक कारण आहे, डांबर गरमच पोचलं पाहिजे. पण तालुक्यात एकच प्लांट असेल आणि अंतर नेमकं त्याच्याच दारापर्यंत बसवलं असेल तर? दाखल्याच्या अटीचं तर मला आजवर समाधानकारक कारण मिळालेलं नाही. तिचा परिणाम एकच, निविदा उघडण्याआधी कोण कोण भरणार आहे हे गावाला कळतं. आणि मग ज्याला कळायचं त्यालाही कळतं.

आता तिसरी गोष्ट, आणि तुमच्या हातात सगळ्यात जास्त असलेली. त्या पाच फायलींत काय होतं ते सांगितलं, काय नव्हतं ते राहिलं. या तीनच ठेकेदारांना दरपत्रक मागणीपत्र का पाठवलं, याबद्दल एक ओळही नव्हती. यादी कोणी केली, इतर नोंदणीकृत ठेकेदारांना का वगळलं, काही नाही. तुलनात्मक तक्ता होता, पण खाली ‘सर्वांत कमी दर, सबब मंजूर’ एवढंच. तो दर वाजवी आहे का, जिल्हा दरसूचीशी ताडला का, शेजारच्या गावात काय दर गेला, याचा पत्ता नाही. तीन फुगवलेल्या दरांमधला सर्वांत कमी दरही फुगवलेलाच असतो. तिसऱ्या ठेकेदाराची नोंदणी दरपत्रकाच्या तारखेला संपलेली होती. म्हणजे त्याचा कागद मोजायलाच नको होता आणि दरपत्रकं तीन नव्हे, दोनच होती. हे पाच फायलींत पाचदा कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात येऊ द्यायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण नोंदणीचा दाखला फाइलीत पहिल्याच पानावर लावलेला होता.

मग मी जावक रजिस्टर मागितलं. ते देताना लिपिक जरा घुटमळला. मागणीपत्रांची नोंद सापडली, क्रमांक १३४ आणि १३५ च्या मध्ये, १३४अ, १३४ब, १३४क, शाई वेगळी. ज्याने कधी जावक रजिस्टर लिहिलंय त्याला हे वाचता येतं. पत्र खरोखर त्या दिवशी गेलं असतं तर त्याला सरळ पुढचा क्रमांक मिळाला असता. मधे अक्षर घुसवावं लागतं तेव्हा वही पुढे गेलेली असते आणि पत्र मागून आलेलं असतं. हुशार माणसं फाइल नव्याने लिहितात, पण बांधलेली वही नव्याने लिहायला कोणी धजत नाही, कारण तीत गावची इतर शेकडो पत्रं असतात. म्हणून मी नेहमी फाइल सोडून आधी वह्या बघायचो. जावक, आवक, मोजमाप पुस्तिका, नमुना ५ ची रोकडवही.

तातडीच्या कामांबद्दल थोडं लिहितो, कारण दरवेळी तीच ढाल पुढे येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्यात गेलं. शाळेचे पत्रे उडालेले असताना निविदेची मुदत मोजत बसा असं कोणताही शहाणा लेखापरीक्षक म्हणणार नाही. पण तातडीला तारीख असते. जूनमध्ये उडालेल्या पत्र्यांची खरेदी फेब्रुवारीत, एकाच दिवशी एकाच दुकानातून चार बिलांवर, आणि चारही बिलांवर ‘आपत्कालीन’ असा शिक्का, हे मी पाहिलं आहे. आठ महिने ताडपत्रीखाली शाळा चालवली असेल तर आपत्ती तेव्हा होती, आता नाही. तातडी खरी असेल तर त्याच आठवड्यात दोन ओळींची टिपणी लिहा : काय पडलं, थांबलं तर काय होईल, कोणाकोणाला भाव विचारले. त्या दोन ओळी तुम्हाला दहा वर्षं पुरतील.

तेव्हा येत्या मासिक सभेआधी एवढं करा. वर्षभरातल्या सगळ्या कामांची यादी ग्रामसेवकांकडून एका कागदावर मागा, कामाच्या नावाप्रमाणे नको, जागेप्रमाणे लावलेली. प्रत्येकापुढे अंदाजपत्रकाची रक्कम आणि साखळी क्रमांक. केलेल्या खर्चाची रक्कम ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही दिसते, फोनवर बघता येते. एकाच रस्त्यावरची, एकाच गटारावरची कामं शेजारी आली की बेरीज करा. ती त्या वेळच्या मर्यादेच्या वर जात असेल तर सभेत विचारा की कामं वेगळी का, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर योग्य असेल तर तेच इतिवृत्त उद्या सरपंचांना वाचवेल. त्यामुळे विचारणं म्हणजे सरपंचांवर संशय घेणं नव्हे, हे त्यांनाही पटवून सांगता येईल. निदान प्रयत्न करा.

ठरावाआधी तुलनात्मक तक्ता नुसता वाचून दाखवू देऊ नका, मूळ दरपत्रकं हातात मागा. दोन-तीन बाबी भागून बघा. सातवी शिकलेल्या बाईने माझ्यासमोर हे पाच मिनिटांत केलंय, आणि तेही सरपंचांचाच फोन मागून घेऊन.

घरातल्या माणसाचं, भागीदाराचं काम असेल तर सभेतून उठून बाहेर जा, तशी नोंद करायला लावा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अशा हितसंबंधापायी सदस्यत्व जातं. दिराच्या नावावरचा ठेका आणि जावेची अनुमोदक म्हणून सही, अशा जोड्या मी एकाहून जास्त गावांत पाहिल्या. त्या बायकांपैकी बहुतेकींना आपण कशावर सही करतोय हे माहीतच नव्हतं.

आमच्या ताईंच्या चार कामांचं अजून ठरायचं आहे. अनुपालन लिहायला त्या परवा पुन्हा येणार आहेत. मी त्यांना येताना एकच वस्तू आणायला सांगितली आहे, त्या वर्षाचं जावक रजिस्टर. ग्रामसेवक म्हणाले, शोधून ठेवतो. मी ताईंना म्हटलं, शोधू देऊ नका, कपाट तुम्ही स्वतः उघडा.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
सिंधुदुर्ग